बारा लाखांचं पॅकेज, हातात ७२ हजार

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी पुण्यातच नोकरी बदलली. आधीचा सीटीसी १० लाख होता, सगळा फिक्स्ड, आणि दरमहा हातात ७२,५०० पडायचे. नव्या कंपनीच्या रिक्रूटरने फोनवर १२ लाख सांगितले आणि म्हणाली, "सर, महिन्याला ब्याण्णव हजार बसतात." ब्रेकअप मागितला तर म्हणाली, तो ऑफर लेटरसोबत येईलच. मी थांबलो नाही. फोनवरच होकार दिला आणि त्या ब्याण्णव हजारांच्या भरवशावर हिंजवडीत जास्त भाड्याचं घर घेतलं.

पहिला पूर्ण पगार आला ७२,०००. जुन्या पगारापेक्षा पाचशेने कमी.

मग ऑफर लेटरचं शेवटचं पान नीट वाचलं. १२ लाखांत १,८०,००० व्हेरिएबल होते. कंपनीच्या वाट्याचा पीएफ ५७,६००, ग्रॅच्युइटी २३,०८८ आणि ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता १५,३१२. हे वजा केलं की उरतात ९,२४,०००, म्हणजे महिन्याला ७७,०००. त्यातून माझ्या वाट्याचा पीएफ ४,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला. नव्या करप्रणालीत आयकर शून्य होता, नाहीतर आकडा आणखी खाली आला असता.

तिचे ब्याण्णव हजार कुठून आले, तेही त्याच पानावर सापडलं. व्हेरिएबलला बाराने भागून १५,००० "मासिक" रकान्यात घातले होते. ७७ अधिक १५. प्रत्यक्षात व्हेरिएबल वर्षातून एकदाच मिळतं, तेही रेटिंगनुसार, आणि वाटपाच्या दिवशी तुम्ही कंपनीत असलात तरच. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं पूर्ण व्हावी लागतात. पीएफ तरी आपल्याच खात्यात जमा होतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यातून घरभाडं भरता येत नाही.

मी एचआरकडे गेलो. उत्तर मिळालं, "सही तुमचीच आहे ना?" यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं, कारण ब्याण्णव हजारांची गोष्ट फक्त फोनवर झाली होती.

म्हणून कळकळीने सांगतो, अपेक्षेचा आकडा उच्चारण्याआधी ईमेलवर ब्रेकअप मागा. फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती आणि ते कधी मिळतं, पीएफ-ग्रॅच्युइटी-विमा सीटीसीत धरलाय का, आणि टीडीएसआधी खात्यात नेमके किती जमा होतील. शिवाय, मागच्या वर्षी याच ग्रेडला व्हेरिएबल किती टक्के मिळालं, हेही विचारा. एवढं हातात आलं की टक्केवारीच्या वाढीवर बोलू नका, फिक्स्डवर बोला. माझ्या बाबतीत २० टक्के वाढ कागदावर खरीच होती.

यंदा दुसऱ्या एका कंपनीशी बोलणं चालू असताना मी हाच ईमेल पाठवला. तिथल्या रिक्रूटरने दोन दिवसांत पूर्ण तक्ता दिला. त्यात व्हेरिएबल १० टक्के होतं. त्यातलं निम्मं फिक्स्डमध्ये घ्या म्हटलं, आणि त्यांनी घेतलं.