लीगल ते ए-फोर: `cpdf` काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

वकिली कार्यालयात जमणाऱ्या कागदांचे एक वैशिष्ट्य असे की, जुने करारनामे आणि खरेदीखते लीगल आकारात असतात, नवे अर्ज ए-फोरवर असतात, आणि एकाच संचात दोन्ही एकत्र येतात. असा पीडीएफ संच पूर्णपणे ए-फोरवर आणण्यासाठी मी गेले काही महिने `cpdf` हा कमांड लाइनवर चालणारा प्रोग्राम नियमितपणे वापरत आहे.

पानाचा आकार बदलणे आणि पानावरचा मजकूर त्या मापात बसवणे ही दोन वेगळी कामे आहेत. नुसता आकार बदलला तर लीगल पानाचा काही भाग सरळ कापला जातो. उंची आणि रुंदी स्वतंत्रपणे ताणली तर सगळे पान भरते, पण अक्षरे बसकी होतात आणि गोल शिक्का लंबगोल दिसतो. `-scale-to-fit` ही आज्ञा दोन्ही दिशांना एकच गुणक लावते, आणि उंची व रुंदी यांच्या गुणोत्तरांपैकी जे लहान असेल ते निवडते. लीगल पान ६१२ × १००८ पॉइंट असते आणि ए-फोर सुमारे ५९५ × ८४२. रुंदीचे गुणोत्तर ०.९७ येते आणि उंचीचे ०.८३५, म्हणून गुणक ०.८३५ ठरतो. मजकुराची रुंदी ५११ पॉइंटपर्यंत येते आणि दोन्ही बाजूंना प्रत्येकी सुमारे १५ मिलिमीटर कोरी जागा वाढते. ही जागा म्हणजे दोष नव्हे. प्रमाण टिकवायचे तर ती राहणारच. मात्र १२ पॉइंटचे अक्षर १० पॉइंटचे होते, त्यामुळे जिथे अक्षराचा किमान आकार ठरवून दिलेला असेल तिथे टंकलिखित मजकूर मूळ फाइलमध्येच ए-फोरवर पुन्हा मांडावा.

सर्वांत जास्त त्रास आडव्या पानांनी दिला. ए-फोर आकाराचा आडवा तक्ता उभ्या ए-फोरवर बसवला की तो ०.७०७ पट होतो आणि पानाच्या मध्यभागी एका पट्टीत आकसून बसतो. उभी आणि आडवी पाने वेगळी निवडणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि या प्रोग्राममध्ये पानांच्या जागी तसे शब्दच देता येतात:

```
cpdf -scale-to-fit a4portrait in.pdf portrait -o t.pdf
cpdf -scale-to-fit a4landscape t.pdf landscape -o out.pdf
```

पहिली आज्ञा फक्त उभ्या पानांना हात लावते आणि बाकीची तशीच ठेवते, दुसरी आडव्यांचे काम पूर्ण करते. त्यानंतर मी प्रत्येक पानाचे माप तपासतो:

```
pdfinfo -f 1 -l 9999 out.pdf
```

एकही ओळ वेगळ्या मापाची दिसली, तर ते पान उघडून पाहावे. मापे बरोबर आली तरी शिक्का असलेले एखादे पान पडद्यावर मोठे करून त्याची उंची आणि रुंदी सारखी आहे का हे मी पाहतोच, कारण विकृती झाली असेल तर ती तिथे सर्वांत लवकर दिसते.

स्कॅन केलेल्या पानांविषयी सुरुवातीला मला उगाच भीती वाटत असे. काही स्कॅनर २४८० × ३५०८ पिक्सेलचे चित्र तितक्याच पॉइंटचे पान मानून जतन करतात, त्यामुळे फाइल उघडली की पान ३४ इंच रुंद असल्याचे दिसते. ते ए-फोरवर आणताना पिक्सेल कमी होत नाहीत. तेच पिक्सेल लहान जागेत बसतात आणि छपाईत इंचाला ३०० मिळतात. म्हणजे अस्पष्टतेचा दोष इथे आकार बदलण्यावर टाकता येत नाही.

नकाशांच्या बाबतीत मात्र मी हे साधन वापरत नाही. १:१००० असे छापलेला लीगल आकाराचा मोजणी नकाशा ०.८३५ पट झाला की त्याचे खरे प्रमाण सुमारे १:११९७ होते, पण कागदावर १:१००० हेच लिहिलेले राहते, आणि त्यावर पट्टी ठेवून अंतर मोजणाऱ्याला चुकीचा आकडा मिळतो. नकाशावर रेषाप्रमाण असेल तर तेही त्याच गुणकाने लहान होत असल्यामुळे उपयोगी पडते. नसेल तर नकाशा मूळ आकारातच घडी घालून जोडलेला बरा.

तीच काळजी डिजिटल स्वाक्षरी असलेल्या सातबाऱ्याची घ्यावी लागते. आकार बदलताना फाइल नव्याने लिहिली जाते आणि स्वाक्षरीची पडताळणी होत नाही. स्वाक्षरीची खूण पानावर पूर्वीसारखीच दिसत राहते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना हे कळत नाही. अशा उताऱ्याची ए-फोर प्रत मी केवळ छापील संचासाठी करतो आणि मूळ फाइल वेगळी, हात न लावता सादर करतो.