नमुन्याचा टी-शर्ट आणि ग्राहकाच्या हाती पडलेला टी-शर्ट

सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर यात्रेच्या सुमारास मी नंदीध्वजाचे स्वतः काढलेले चित्र टी-शर्ट आणि मगवर छापून विकण्यासाठी एका प्रिंट ऑन डिमांड कंपनीकडे दिले. या पद्धतीत मागणी आल्यावर कंपनी एकच नग छापून थेट ग्राहकाला पाठवते, त्यामुळे विकणाऱ्याला आपला माल कधी दिसतच नाही, आणि फसवणुकीला वाव तेथेच मिळतो.

मागवलेला नमुना उत्तम होता. शाई सुती कापडात मुरलेली होती आणि कापड जाहिरातीप्रमाणे 180 जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला 180 ग्रॅम वजनाचे, वाटत होते. पुढे दोन धुण्यांतच चित्राला भेगा पडल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा ओळखीच्या एका ग्राहकाकडून मी टी-शर्ट परत घेतला. त्यावर शाईऐवजी डीटीएफची, म्हणजे चित्र छापून उष्णतेने कापडावर चिकटवायची, फिल्म नीट दाब न देता लावलेली होती. ताणल्यावर ती रबरासारखी वेगळी जाणवे आणि कडेने सुटे. कापडाचा दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन कापून सराफाच्या काट्यावर तोलला, तर 1.8 ग्रॅमऐवजी 1.4 ग्रॅम भरला, म्हणजे कापड 140 जीएसएमचे निघाले. चादरी-टॉवेलच्या गावात असे कापड खपवण्याचे धाडस कौतुकास्पदच म्हणायचे! मगांवरचे कोटिंगही हलके होते, त्यामुळे घासणीने रंग निघत असे.

खर्चाचा हिशेबही जाहिरातीतल्या आकड्यावर थांबत नाही. छपाईसह 240 रुपये, त्यावर 12 रुपये जीएसटी, कुरिअरचे 70 आणि कॅश ऑन डिलिव्हरीचे 40 धरले की टी-शर्ट 362 रुपयांना पडतो. तो 449 ला विकला तर हाती 87 रुपये राहतात. ग्राहकाने पार्सल नाकारले तर डिलिव्हरीचे 40 लागत नाहीत, पण परतीचे 70 धरून 392 रुपये अंगावर येतात आणि साडेचार टी-शर्टांचा नफा जातो.

सर्वांत मोठा धक्का चित्राचा होता. ठिपक्यांच्या किनारीतला एक ठिपका मी खूण म्हणून मुद्दाम गाळला होता, आणि कंपनीच्या स्वतःच्या कॅटलॉगमध्ये रंग बदललेले जे चित्र दिसले त्यात नेमका तोच ठिपका नव्हता. जाब विचारला असता, अपलोड केलेले चित्र वापरण्याचा आणि इतरांना वापरू देण्याचा परवाना देणाऱ्या अटीकडे त्यांनी बोट दाखवले. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार चित्र काढताच हक्क निर्माण होतो आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही; परंतु अशा अटीला संमती देऊन फाइल चढवली की भांडण अवघड होते. म्हणून परवाना फक्त माझ्या मागण्या छापण्यापुरता आहे, असे कंपनीकडून आधी लेखी घ्यावे आणि लेयर असलेली मूळ फाइल स्वतःजवळच ठेवावी. कंपनीच्या संग्रहातील तयार डिझाइनही जपून वापरावीत, कारण ती कोणाची चोरलेली निघाल्यास विकणाराही उल्लंघनात सापडतो.

लेखी तक्रारीनंतर कॅटलॉगमधून टी-शर्ट निघाला आहे. त्याच चित्राचा मग मात्र अजून विक्रीस आहे.