शॉर्ट, साधा व्हिडिओ की क्लिप? वेबिनारच्या तुकड्यावरून मूळ रेकॉर्डिंगकडे परतण्याची वाट

तासगावातल्या एका द्राक्ष बागायतदार गटाने खरड छाटणीवर वेबिनार घेतला. यूट्यूबवर लाइव्ह झाला, जवळपास दोन तास चालला. आता त्यातले दहा-बारा तुकडे कापायचे आणि तुकडा बघणाऱ्याला पूर्ण चर्चेपर्यंत न्यायचं, एवढं काम माझ्याकडे आलं. मी सांगलीत बसून अशीच कामं करतो. गटातल्या पोरांनी विचारलं, "दादा, शॉर्ट टाकायचा, साधा व्हिडिओ टाकायचा की यूट्यूबची क्लिप करायची?" त्यांना जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय.

एकच तुकडा घेऊ. सबकेनसाठी शेंडा कधी मारायचा, या प्रश्नाचं उत्तर. तुकडा १ मिनिट २० सेकंदांचा, मूळ रेकॉर्डिंगमध्ये ४२:१५ ला सुरू होणारा. हा सल्ला एप्रिलच्या खरड छाटणीनंतरचा आहे. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर कुणी तो जसाच्या तसा लावला तर बागेचं नुकसान. म्हणून तुकड्यासोबत हंगाम, तारीख आणि मूळ चर्चेचा पत्ता गेलाच पाहिजे.

यूट्यूबची क्लिप सगळ्यात सोपी. रेकॉर्डिंगखालचं `Clip` बटण दाबायचं, भाग निवडायचा, नाव द्यायचं. वेगळा व्हिडिओ तयारच होत नाही, मूळ व्हिडिओचाच एक भाग दिसतो, त्यामुळे परतीची वाट आपोआप असते. पण मर्यादा ५ ते ६० सेकंदांची. आपला तुकडा ८० सेकंदांचा, म्हणजे उत्तराची शेवटची अट कापावी लागेल, आणि ही अटच तर महत्त्वाची आहे. शिवाय क्लिपला नावाखेरीज वेगळं काही जोडता येत नाही. मूळ व्हिडिओ खाजगी केला किंवा काढला तर क्लिपही जाते. वेबिनार संपला त्या रात्री गटात पटकन काही पाठवायचं असेल तर क्लिप चांगली. वर्षभर टिकवायच्या साठ्यासाठी मी ती घेणार नाही.

शॉर्ट नव्या माणसापर्यंत पोचतो. ऑक्टोबर २०२४ पासून उभा किंवा चौकोनी व्हिडिओ ३ मिनिटांपर्यंत शॉर्ट म्हणून जातो, त्यामुळे आपला तुकडा बसतो. अडचण लिंकची आहे. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीपासून शॉर्टच्या वर्णनातली आणि कॉमेंटमधली लिंक दाबता येत नाही. अजूनही कित्येक जण तिथे लांबलचक पत्ता टाकून "लिंक खाली आहे" म्हणतात, आणि बघणारा बोट आपटत बसतो. त्याऐवजी यूट्यूब स्टुडिओत त्या शॉर्टच्या तपशिलात `Related video` नावाची जागा आहे, तिथे पूर्ण रेकॉर्डिंग निवडायचं. मग शॉर्ट चालू असताना नावाजवळ दाबता येईल असा दुवा दिसतो.

तो दुवा मात्र रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला नेतो, आपल्या प्रश्नाच्या सेकंदाला नाही. दोन तासांच्या चर्चेत स्वागत आणि परिचय ऐकत कोण थांबणार? यावर उपाय म्हणजे मूळ व्हिडिओच्या वर्णनात प्रकरणं टाकणं, म्हणजे प्रत्येक विषयाची सुरुवातीची वेळ आणि नाव ओळीने लिहिणं. पहिली वेळ `0:00` हवी, अशा किमान तीन ओळी वेळेच्या चढत्या क्रमाने हव्यात, प्रत्येक प्रकरण किमान १० सेकंदांचं हवं. आणि माझा आग्रह एकाच गोष्टीचा: तुकड्याचं शीर्षक आणि त्या प्रकरणाचं नाव शब्दशः एकच ठेवा. शॉर्टवर "सबकेनसाठी शेंडा कधी मारायचा (खरड छाटणी)" वाचून आलेल्याला प्रकरणांच्या यादीत हेच शब्द दिसले की तो बरोबर तिथे बोट ठेवतो. "प्रश्नोत्तरे भाग २" असं लिहिलं तर तो परत जातो.

तिसरा पर्याय आडव्या आकाराचा साधा छोटा व्हिडिओ. नवे प्रेक्षक यातून कमी मिळतात, पण नेमक्या सेकंदाला नेणारी, दाबता येणारी लिंक वर्णनात याच पर्यायात देता येते. ती वर्णनाच्या पहिल्याच ओळींत हवी, कारण बाकीचं "आणखी" दाबल्याशिवाय दिसत नाही.

```
पूर्ण चर्चा, याच प्रश्नापासून:
https://youtu.be/VIDEO_ID?t=2535
खरड छाटणी वेबिनार, तासगाव | सल्ला फक्त एप्रिल छाटणीसाठी
```

`t` म्हणजे सेकंद: ४२ गुणिले ६० अधिक १५, म्हणजे २५३५. लिंक तुकड्याच्या पहिल्या शब्दावर न लावता, शेतकऱ्याने प्रश्न विचारायला सुरुवात केली तिथे लावावी असं माझं मत आहे. त्याच्या द्राक्षाची जात कुठली, बाग किती वर्षांची, हे प्रश्नातच असतं आणि कापताना तेच आधी जातं. इथे प्रश्न आणि तुकडा एकाच सेकंदाला सुरू होतात म्हणून आकडा तोच राहिला. व्हिडिओच्या शेवटी दुसऱ्या व्हिडिओकडे नेणारी एंड स्क्रीनही लावता येते. तिला शेवटचे ५ ते २० सेकंद लागतात आणि व्हिडिओ किमान २५ सेकंदांचा हवा. पण तीही रेकॉर्डिंग सुरुवातीपासूनच उघडते, म्हणून तिच्यावर विसंबू नका.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण ती कुणाकडूनही होईल. मागच्या एका वेबिनारचे ११ तुकडे मी लिंकांसकट टाकले आणि मग सुरुवातीची "आवाज येतोय का?" वाली ६ मिनिटं ४० सेकंद यूट्यूबच्या एडिटरमध्ये कापली. पत्ता तोच राहिला, त्यामुळे एकही लिंक तुटली नाही. म्हणूनच दोन आठवडे लक्षात आलं नाही. प्रत्येक लिंक ४०० सेकंद पुढे जाऊन पडत होती. पलूसच्या एका काकांनी फोन केला, "शेंड्याचं विचारलं तर हे पाण्याबद्दल बोलायला लागलेत." आपल्या उदाहरणात असं झालं तर २५३५ चे २१३५ करावे लागतील आणि प्रकरणाची वेळ ४२:१५ ची ३५:३५. म्हणून रेकॉर्डिंग आधी कापा, यूट्यूबवर ते पूर्ण तयार होऊ द्या, मगच वेळा मोजा. आणि नवी फाइल चढवून जुनी काढायच्या फंदात पडू नका. यूट्यूबवर फाइल बदलून पत्ता तोच ठेवता येत नाही, सगळ्या लिंका मरतात.

एका साध्या शीटमध्ये प्रत्येक तुकड्याची ओळ ठेवतो: मूळ व्हिडिओचा आयडी, सुरुवात, शेवट, वक्ता, वेबिनारची तारीख, हंगाम. काही हललं की सगळ्या वेळांतून तोच आकडा वजा करायचा, पंधरा मिनिटांचं काम.

राहिला व्हॉट्सअॅप. आपल्याकडे बागायतदारांचं निम्मं जग तिथेच आहे. फाइलच्या आत भरलेली माहिती तिथे कुणाला दिसत नाही, पाठवताना व्हिडिओची फाइल नव्याने आकसून लहान केली जाते आणि पुढे ढकलताना खालचा मजकूरही गळू शकतो. क्यूआर कोडचाही उपयोग नाही, ज्या फोनवर व्हिडिओ चालू आहे त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार? फाइल पाठवायचीच असेल तर चित्रातच खालच्या पट्टीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, चॅनेलचं नाव, वेबिनारचं नाव, तारीख आणि "खरड छाटणी" असं छापा. शक्य असेल तिथे फाइल न पाठवता साध्या व्हिडिओची लिंक पाठवा.

तासगावच्या गटाला मी साधा आडवा व्हिडिओ मुख्य ठेवायला सांगितला, कारण त्यांचे बघणारे ओळखीचे आणि व्हॉट्सअॅपवरून येणारे. कवठेमहांकाळ, मिरजेकडचे नवे बागायतदार जोडायचे म्हणून त्यातले तीनच तुकडे उभे करून शॉर्ट, `Related video` लावून. तुमच्या चॅनेलला अजून बघणारेच नसतील तर हे प्रमाण उलटं ठेवा, पण प्रकरणांची नावं शॉर्ट टाकण्याआधी लिहून झालेली असू द्या.