गडद हिरव्या भिंतींचा दिवाणखाना: आठ महिन्यांच्या वापरानंतर

खोली 12 बाय 15 फुटांची, छत 9 फुटांवर, खिडकी एकाच बाजूला. तीन भिंतींना काळपट हिरवा मॅट रंग, खिडकीची भिंत आणि छत मोतिया. आठ महिन्यांनंतर मत पक्कं झालंय: खोली उदास दिसते ती रंगापेक्षा दिव्यांच्या जागा चुकल्यामुळे.

सुरुवातीला छताच्या मधोमध 20 वॉटचं एकच एलईडी पॅनल होतं. पांढऱ्या भिंतींना ते पुरायचं, कारण पांढरा रंग अंगावर पडलेल्या उजेडातला साधारण 80 टक्के उजेड खोलीत परत टाकतो. हा हिरवा जेमतेम 10 टक्के परत देतो. त्यामुळे टीपॉय लख्ख, भिंती काळ्याठिक्कर, आणि समोर बसलेल्याच्या डोळ्यांखाली सावल्या. पॅनल 36 वॉटचं केलं तेव्हा टीपॉय आणखी चमकला, भिंती होत्या तशाच राहिल्या.

मग उजेड थेट भिंतीवर टाकला. सोफ्यामागच्या भिंतीसाठी छतात 7 वॉटचे तीन फिरते स्पॉट. आधी ते भिंतीपासून एका फुटावर होते, तेव्हा भिंतीवर उजेडाच्या ठळक कमानी उमटायच्या आणि पुट्टीचा प्रत्येक उंचवटा सावली धरायचा. अडीच-तीन फुटांवर नेले आणि उजेड सलग पसरला, रात्री पहिल्यांदाच भिंत हिरवी दिसली. जोडीला सोफ्याच्या एका बाजूला कापडी शेडचा उभा दिवा आणि समोरच्या कोपऱ्यात टेबललॅम्प. बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला येणारे हे दोन दिवे चेहऱ्यांवरच्या सावल्या घालवतात. छतातलं पॅनल आता झाडझूड करतानाच लागतं.

बल्ब 2700 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे घ्यावेत, आणि उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा सीआरआय आकडा 90च्या वर असावा. पिवळसर उजेडात हा हिरवा टिकतो. गडद निळा मात्र त्याच बल्बखाली काळा वाटतो, कारण त्या उजेडात निळा अंश कमी असतो. म्हणून रंग ठरवण्याआधी दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात मारून तो खिडकीसमोर आणि खिडकीशेजारी, दिवसा आणि रात्री, घरच्याच बल्बखाली पाहावा. खिडकीची भिंत फिकट ठेवणं शंभर टक्के योग्य ठरलं. ती गडद केली की चकाकती खिडकी आणि काळी भिंत यांतला फरक दिवसभर डोळ्यांना टोचतो.

तक्रार मॅट फिनिशबद्दल आहे. खुर्चीची पाठ घासते तिथे पांढुरके ओरखडे येतात, आणि ओल्या फडक्याने जोरात पुसलं तर तेवढाच भाग चमकतो. तो डाग ब्रशने झाकू नये, ठिगळ लांबूनही दिसतं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला एक हात द्यावा लागतो. त्यासाठी त्याच बॅचचा लिटरभर रंग घट्ट झाकून ठेवलेला बरा. आणि नव्याने करणाऱ्यांनी पांढऱ्याऐवजी राखाडी छटेचा प्रायमर मागावा, पांढऱ्यावर रंगाचे तीन हात देऊनही रोलरच्या कडा दिसत होत्या.