फोनवरची अंगाई की आपला कच्चा सूर?

बाळाला रोज एकाच गाण्यावर झोपवायचं, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य होतं. मतभेद होता तो गायचं कोणी यावर. बायकोचं म्हणणं, फोनवर चांगल्या गायिकेची अंगाई लावावी. आई म्हणायची, "तूच म्हण की रं. तिला काय मैफलीला बसायचंय?" अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायले, त्या गावात वाढलेल्या माणसाला आपला कच्चा सूर लगेच कळतो. मला गाता येत नाही. तरी मुलगी सात-आठ महिन्यांची असताना आम्ही दोन्ही प्रकार नीट करून पाहिले.

फोनची बाजू लंगडी नाही. मॉन्ट्रियलमधल्या एका प्रयोगात तान्ह्या मुलांना अनोळखी भाषेतलं ध्वनिमुद्रित गाणं ऐकवलं, तेव्हा ती सरासरी ९ मिनिटं शांत राहिली. नुसतं बोलणं ऐकवल्यावर ४ मिनिटांच्या आसपासच. म्हणजे रेकॉर्डिंगही काम करतं. दिवसभराच्या कामानंतर घसा बसलेला असेल, तर बटण दाबणं सोपंच. आमच्याकडेही किरकिर लगेच थांबायची.

माझं मत फिरलं ते गाण्याच्या शेवटाशी. बाळाचे डोळे जड झालेले, मूठ सैल पडत आलेली, आणि नेमकं तिथंच गाणं संपायचं. मधली शांतता तिला टोचायची आणि डोळे टक्क उघडायचे. तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजत ठेवलं, तर ती गाणं चालू असतानाच झोपायची. मग रात्री जाग आली की तेच गाणं हवं, म्हणजे अंधारात फोन शोधा आणि स्क्रीनचा उजेड तोंडावर घ्या. तान्ह्या मुलांचं झोपेचं चक्र मोठ्यांपेक्षा लहान असतं, तासाभराच्या आसपास. त्यामुळे मधून मधून अर्धवट जाग येणारच. झोप लागताना जे सोबत होतं, ते त्या क्षणी नसलं की मूल रडून मागतं.

फोनला बाळाचा चेहरा दिसत नाही. गाणाऱ्या माणसाला दिसतो, आणि इथंच माझं पारडं झुकलं.

गाणं निवडताना सिनेमातली अंगाई मी बाजूला ठेवली. ती तयार गळ्यासाठी बांधलेली असते, अंतऱ्यात सूर वर चढतो आणि आपण नकळत ओरडायला लागतो. आईकडून ऐकलेली जात्यावरची ओवी चार-पाच सुरांत फिरते, ती सोसते. सुरुवातीला एकदा ओवीतली सगळ्यात उंच ओळ गुणगुणून पाहिली. घशाला ताण पडला, म्हणून सगळीच ओवी खालून धरली. बेसूर वाटण्याचा निम्मा प्रश्न तिथंच मिटला, असा माझा अनुभव आहे.

क्रम रोज एकच: अंग पुसणं, दूध, दिवा बारीक, मग ओवी. पहिल्यांदा पूर्ण शब्दांत म्हणायची. दुसऱ्यांदा आवाज निम्मा, चाल संथ, थोपटणंही त्याच लयीत. तिसऱ्यांदा शब्द सोडून नुसतं गुणगुणायचं. पापण्या मिटू लागल्या की गुणगुण थांबवायची, झोप लागायच्या आधीच. मग उताणं निजवून हात छातीवर हलका ठेवायचा. शेवटची झोप शांततेत लागली, तर रात्री जाग आली तरी गाण्याची गरज उरत नाही. आमच्याकडे हा फरक जाणवायला दोनेक आठवडे लागले असावेत. खूण साधी आहे: पहिल्याच ओळीला जांभई येते किंवा हात कानाकडे जातो.

दोन गोष्टी सांभाळाव्या लागल्या. ही ओवी दिवसा रडं थांबवायला वापरायची नाही, नाहीतर ती झोपेची खूण राहत नाही. आणि झोपेची वेळ टळून मूल कावलं असेल, तर आधी खांद्यावर घेऊन शांत करायचं, ओवी नंतर. पहिल्या दोन-तीन महिन्यांत मात्र फार अपेक्षा नको, कारण तेव्हा मुलाला रात्र-दिवसच अजून नीट कळत नसतो.

आई म्हणते तेव्हा तिची पट्टी माझ्यापेक्षा बरीच वर असते. तरी तेच शब्द आणि तीच चाल असल्यामुळे मुलगी झोपते, थोडी उशिरा इतकंच. त्यामुळे गाण्याची पाळी वाटून घेता येते.

गणपतीत गल्लीत डॉल्बी सुरू झाला की माझा आवाज पुरत नाही. तेव्हा पंख्यासारखा एकसुरी आवाज स्पीकरवर लावतो, बाळापासून किमान दोन मीटर लांब आणि आवाज बारीक ठेवून. पण ओवी त्याच्या आधी होतेच.