अध्यक्षांचे मनोगत: जुन्याला कात्री की कोरा कागद?

पतसंस्थेचा वार्षिक अहवाल छपाईला जायच्या आधी मनोगत सुधारायचे तर दोन वाटा दिसतात. गेल्या वर्षीचे मनोगत घेऊन त्याला कात्री लावायची, किंवा लेखापरीक्षित ताळेबंद समोर ठेवून कोऱ्या कागदावर लिहायचे. मी दोन्ही करून पाहिले आहे.

कात्री लावणे सोयीचे असते. ‘अहवाल सादर करताना मनस्वी आनंद होत आहे’ जाते, आभारांची यादी मागच्या पानावर जाते, तीन पानांचे एक पान होते. संचालकही कुरकुर करत नाहीत, कारण ओळखीची वाक्ये जागेवरच असतात.

मला खटकले ते एवढेच की कात्री फक्त लांब वाक्यांवर चालते. फसवे वाक्य बहुधा आखूड असते. समजा, गेल्या मार्चअखेर कर्जे १० कोटी आणि थकबाकी ६० लाख होती. यंदा कर्जे १३ कोटी, थकबाकी ६५ लाख. मनोगतात येते, ‘थकबाकी ६ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात यश आले.’ वाक्य खरे आहे आणि सुटसुटीतही, त्यामुळे त्याला कोणी हात लावत नाही. थकबाकी मात्र ५ लाखांनी वाढलेली असते. मार्चमध्ये कर्जवाटप झाले की टक्केवारी आपोआप उतरते. ठेवींचेही तसेच. ‘ठेवीत भरघोस वाढ’ म्हणताना त्यात जुन्या ठेवींवर जमा झालेले व्याज किती, हे राहून जाते.

कोऱ्या कागदावर सुरुवात सभेत हमखास येणाऱ्या प्रश्नापासून करता येते: लाभांश का घटला? मग मजकूर साधारण असा होतो: ‘यंदा लाभांश १० ऐवजी ८ टक्के सुचवला आहे. थकबाकी ६० लाखांवरून ६५ लाख झाली, म्हणून नफ्यातून जास्त तरतूद करावी लागली. टक्केवारी कमी दिसते ती नव्या कर्जांमुळे. मोठ्या थकीत खात्यांवर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखले मिळाले आहेत. जप्ती अजून झालेली नाही.’ कर्जदारांची नावे मनोगतात नकोत, त्यातून नवेच भांडण उभे राहते.

यात त्रास आहे, नाही म्हणत नाही. लेखापरीक्षण पुरे झाल्याशिवाय लिहिता येत नाही, आणि ‘जप्ती झालेली नाही’ हे वाक्य संचालक मंडळाच्या सभेत कोणीतरी खोडतोच. त्या जागी ‘कार्यवाही प्रगतिपथावर’ येते. अध्यक्ष ठाम असतील तरच मूळ वाक्य टिकते. तरी माझा कल इकडेच आहे. सभासद निदान पान उलटण्याआधी चार ओळी वाचतात.

सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आणि छापखाना दारात उभा, अशी वेळ असेल तर कात्री चालेल. फक्त प्रत्येक टक्क्याशेजारी रुपयांतली रक्कम घाला, गेल्या वर्षीचीही.