महिनाभर परदेशी जाताय? बॅटरीची तार काढायची की शेजाऱ्यांकडे किल्ली द्यायची?

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे महिनाभर गेलो, तेव्हा शेजारच्या काकांकडे किल्ली दिली होती. दर रविवारी खाली उतरून ते गाडी पाच मिनिटं चालू ठेवायचे, न चुकता. परत आल्यावर सेल्फ मारला तर नुसतं कट्-कट्-कट्. यंदा निघताना बॅटरीची तार काढली आणि आल्यावर गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. पुण्यातली सोसायटी, छपराखालचं पार्किंग, पेट्रोलची छोटी गाडी आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असा हा हिशोब आहे.

काकांची काहीच चूक नव्हती, चूक पाच मिनिटांची होती. बंद गाडीतही घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म जागे असतात. साधारण ३० मिलीअँपिअर धरले तर दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्या आसपास, म्हणजे आठवड्याला पाच अँपिअर-तास जातात. जागेवर पाच मिनिटं चालवून त्यातला फार तर एखादा परत येतो. चार आठवड्यांत अर्धी बॅटरी रिकामी होते, आणि ती चार वर्षांची असेल तर उरलेली अर्धी सेल्फ ओढू शकत नाही. शिवाय इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे सायलेन्सरमध्ये पाणी साचून राहतं. तेव्हा हा मार्ग मी सरळ बाद केला.

उरतात दोन. विश्वासू माणूस आठवड्यातून एकदा गाडी रस्त्यावर काढून १५-२० किलोमीटर फिरवणार असेल, तर त्याला तोड नाही. बॅटरी भरते, ब्रेकच्या डिस्कवरचा गंज घासून निघतो, टायर एकाच जागी दबत नाहीत. मात्र त्याच्याकडे लायसन्स हवं, गाडीचा विमा आणि पीयूसी त्या महिन्यात संपता कामा नये. असा माणूस नसेल तर तार काढा. चार्जर लावून ठेवणंही उत्तम, पण पार्किंगमध्ये प्लग असेल तरच.

तार काढण्यात क्रम महत्त्वाचा. आधी काचा वर करून घ्या. गाडी बंद करून दहा मिनिटं थांबा, म्हणजे आतली यंत्रणा झोपते. मग बहुतेक गाड्यांना लागतो तो १० नंबरचा पाना घेऊन आधी निगेटिव्हची, म्हणजे वजा खूण असलेली तार सैल करा. आधी पॉझिटिव्हला हात घातला आणि पाना बॉडीला टेकला, तर शॉर्ट होऊन ठिणगी उडते. निगेटिव्ह सुटल्यावर ती भीती राहत नाही, आणि पॉझिटिव्ह काढायची गरजही पडत नाही. सुटलेली तार जाड फडक्यात गुंडाळून बाजूला वळवून ठेवा. आता रिमोट चालणार नाही, त्यामुळे बॉनेट लावून ड्रायव्हरचं दार किल्लीनेच बंद करा. रिमोटमधली लपवलेली किल्ली दाराला लागते का, हे आदल्या दिवशी तपासा.

तोटेही आहेत. घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं पुसली जातात, काही गाड्यांत काचेची ऑटो सोय पुन्हा शिकवावी लागते, जीपीएस ट्रॅकरही कालांतराने बंद पडतो. बटण-स्टार्टच्या गाडीत वीज नसली की स्टिअरिंगचं कुलूप बहुधा सुटत नाही. त्या महिन्यात सोसायटीत टाकी धुणं किंवा रंगकाम असेल आणि गाडी हलवावी लागणार असेल, तर तार काढून जाऊ नका. इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत निगेटिव्हवर सेन्सर असतो, तिथे आधी मॅन्युअल बघा.

बाकीची तयारी दोन्हीकडे सारखीच: सपाट जागा, हँडब्रेक सोडलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये, चाकांना पुढे-मागे विटा. पावसाळ्यात ओढून ठेवलेला हँडब्रेक मागच्या ड्रमला चिकटतो. टायरमध्ये तीन-चार पीएसआय हवा जास्त भरा. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर टाकू नका, आत बुरशी धरते.

परत आल्यावर घाईने सेल्फ मारू नका. बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्यात का, घरटं केलंय का बघा, खाली तेलाचा डाग आहे का पाहा. तार घट्ट बसवा. हाताने हलली तर ती सैल आहे. जमलं तर मल्टिमीटर लावा. १२.४ व्होल्टच्या वर असेल तर निश्चिंत राहा, १२ च्या खाली गेली असेल तर आधी चार्ज करा. यंदा माझी १२.५ होती. किल्ली ‘ऑन’ला नेऊन पंपाची घरघर थांबेपर्यंत काही सेकंद थांबा, क्लच दाबून सेल्फ मारा, पण पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही. नाही लागली तर अर्धा मिनिट थांबून पुन्हा. पहिल्या काही ब्रेकला खरखर येईल, तो डिस्कवरचा गंज असतो. दोन-तीन किलोमीटरनंतरही खरखर गेली नाही किंवा एखादं चाक गरम लागलं, तर ब्रेक अडकलाय. तसंच पुढे न जाता मेकॅनिकला दाखवा.